गोडाऊनमधला स्टॉक जुळत होता, फोर्कलिफ्टचे तास जुळत नव्हते

हे प्रकरण आमच्याच इंटर्नल ऑडिट टीमचं आहे. कंपनी, जागा, माणसं यांची नावं काढून टाकलीत, आणि आकडे ओळख पटू नये म्हणून थोडेसे हलवलेत पण त्यांचं एकमेकांशी असलेलं नातं तसंच ठेवलंय, कारण सगळी गंमत त्या नात्यातच आहे. लिहायचं कारण म्हणजे चोरीच्या केसेस सगळ्यांना माहीत असतात, माल कमी निघाला, कुणीतरी पकडला गेला वगैरे. इथे एक पोतं सुद्धा कमी नव्हतं. तरीही ही माझ्या आतापर्यंतच्या कामातली सगळ्यात घाबरवणारी रात्र होती.

पार्श्वभूमी

कंपनी प्लास्टिकच्या वस्तू बनवते, त्यासाठी लागणारा दाणा २५ किलोच्या पोत्यांत येतो आणि कारखान्यापासून लांब एका भाड्याच्या गोडाऊनमध्ये ठेवला जातो. तीन शटर, आत रॅक, मधे पिवळ्या पट्ट्यांची गल्ली, मागे थोडी मोकळी जागा जिथे तयार माल पाठवायच्या आधी लावून ठेवतात. एक डिझेल फोर्कलिफ्ट, एक ऑपरेटर, चार लोडर, एक गोडाऊन इन्चार्ज. काम सकाळी ९ ते संध्याकाळी ६, रविवारी बंद. रात्री फक्त वॉचमन.

या गोडाऊनचं आमच्याकडे नाव चांगलं होतं. मागच्या चार मोजण्यांत फरक जवळपास शून्य, जो होता तो फाटलेल्या पोत्यांचा आणि त्याचे कागद हजर. इन्चार्ज व्यवस्थित माणूस, रॅकवरच्या मालाच्या नोंदीचं बिन कार्ड अपडेट, फाइल मागितली की दोन मिनिटांत टेबलावर. मी स्वतः त्याच्याबद्दल रिपोर्टमध्ये दोनदा चांगलं लिहिलेलं आहे आणि ते वाक्य आता वाचलं की कसंतरी होतं.

रात्री जायचं ठरलं ते संशय होता म्हणून नाही. त्या वर्षीच्या प्लॅनमध्ये सगळ्या गोडाऊनची रात्रीची सिक्युरिटी तपासायची असं एक छोटं काम होतं, वॉचमन जागा असतो का, फेऱ्या मारतो का, लाइट चालू असतात का एवढंच. या गोडाऊनचं वॉचमन रजिस्टर बघताना एकच गोष्ट खटकली होती. दर तासाला ‘सर्व ठीक’ अशी नोंद, महिनाभर, एकाच पेनने आणि एकाच अक्षरात, आणि ड्युटी चार्टप्रमाणे तर दोन वॉचमन आलटून पालटून होते. म्हणजे एक जण बसून दोघांचं लिहीत होता. हे बऱ्याच ठिकाणी होतं, आळस असतो, म्हणून मला वाटलं जाऊ, झोपलेला वॉचमन सापडेल, एक मुद्दा लिहू, परत येऊ.

त्या रात्री काय दिसलं

मी पोचलो तेव्हा ११ वाजून ४० मिनिटं झाली होती. गाडी थोडी लांब उभी करायला सांगितली आणि चालत गेलो. आधी ऐकू आलं, मग दिसलं. फोर्कलिफ्ट मागे घेताना वाजणारा तो पीं-पीं आवाज. रविवार नव्हता पण कामाची वेळ संपून साडेपाच तास झाले होते. मग तीन नंबरच्या शटरखालून उजेडाची एक पट्टी दिसली, आणि त्या पट्टीतून पाय इकडून तिकडे जात होते.

गेटवर वॉचमन जागाच होता, चांगलाच जागा होता. मला बघून तो उठला आणि पहिलं वाक्य म्हणाला ते असं, “साहेब, तुम्ही उद्या येणार होता ना?” आता उद्या तर मी येणारच नव्हतो. मी येणार असं कुणालाच कळवलं नव्हतं. त्याच्या डोक्यात मी कोणीतरी दुसराच साहेब होतो, आणि हे मला नंतर दोन दिवसांनी लक्षात आलं.

आत दोन ट्रक शटरला पाठ लावून उभे. एकातून माल उतरत होता, दुसऱ्यात चढत होता. आमचा ऑपरेटर आमच्या फोर्कलिफ्टवर. बाकी लोडर अनोळखी. मागच्या मोकळ्या जागेत खोकी, यंत्रांचे सुटे भाग, गुंडाळलेले पाइप, कापडाच्या गाठी असा दहा-बारा प्रकारचा माल खडूने रेघा मारून वेगळा लावलेला. आमचं त्यात काहीच नव्हतं. हा आमच्याच ट्रान्सपोर्टवाल्याचा धंदा होता, त्याच्या इतर गिऱ्हाइकांचा माल. वेगवेगळ्या गावांहून आलेला माल रात्री इथे उतरवायचा, दिशेप्रमाणे वाटायचा, दुसऱ्या गाडीत भरायचा आणि पहाटे पाचच्या आत जागा झाडून मोकळी. सकाळी ९ ला इन्चार्ज कुलूप उघडतो तेव्हा जमिनीवर पुसलेल्या खडूशिवाय काही नाही.

त्या खडूच्या खुणा मी दिवसा पाहिल्या होत्या हो. प्रत्येक मोजणीला पाहिल्या होत्या. मला वाटायचं यांच्याच असतील.

इथपर्यंत हे एक अनधिकृत भाडं एवढंच होतं. मग मी रॅकच्या कडेने मागे गेलो आणि तिथे २०० लिटरचे ड्रम दिसले, लाल चौकोनी लेबल, वर ज्वाळेचं चित्र. थिनर. मी मोजले, ४८. ते दाण्याच्या रॅकपासून हातभर अंतरावर उभे होते, आग विझवायचे दोन सिलेंडर त्यांच्या मागे झाकले गेले होते आणि डिझेल फोर्कलिफ्ट त्याच गल्लीतून जात येत होती. एका ड्रमच्या झाकणापाशी ओलं होतं. वास येत होता. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर जाऊन उडून जात नाही, जमिनीलगत पसरत राहते, आणि फोर्कलिफ्टचा सायलेन्सर, बॅटरीची वायर, स्टार्टर हे सगळं जमिनीपासून फार उंच नसतं. दाण्याला एकदा आग लागली की ती पाण्याने पटकन आटोक्यात येत नाही, दाणा वितळून वाहत जातो.

पहिला निर्णय: आत जायचं की नाही

खरं तर हा निर्णय मी ड्रम बघायच्या आधीच घेऊन टाकला होता, आणि न विचार करता. मी एकटा होतो. गाडीचा ड्रायव्हर लांब. आत आठ-दहा अनोळखी माणसं, ज्यांची रोजची कमाई मी बंद करायला आलोय हे त्यांना पाच मिनिटांत कळणार. आमच्या टीमचा नियम आहे की सरप्राइज व्हिजिटला दोन जण, पण ‘झोपलेला वॉचमन बघायला दोन जण कशाला’ असं म्हणून मी एकटाच निघालो होतो. ही चूक आहे, तिला दुसरं नाव नाही. निदान आत जाताना मी ऑडिट हेड मॅडमना लोकेशन आणि दोन ओळींचा मेसेज टाकला आणि ते मुद्दाम वॉचमनसमोर टाकला, म्हणजे कुणाला तरी माहितीये की मी इथे आहे हे त्यालाही कळावं.

दुसरा निर्णय: काम थांबवायचं का

डोक्यात चार गोष्टी आल्या. ट्रक अडवून ठेवायचे आणि पोलिसांना बोलवायचं. किंवा गप फोटो काढून निघायचं आणि सकाळी रिपोर्ट करायचा. किंवा इन्चार्जला फोन लावून झापायचं. किंवा सगळं नोंदवून घ्यायचं आणि माल जाऊ द्यायचा.

ट्रक अडवणं ऐकायला मर्दानी वाटतं पण त्यातला माल आमचा नव्हता, तो अडवायचा मला काय अधिकार? आणि अडवले असते तर ते ४८ ड्रम रात्रभर तिथेच राहिले असते, म्हणजे ज्याची भीती तेच मी लांबवलं असतं. गप निघून जाणं हे ऑडिटच्या पुस्तकाप्रमाणे सगळ्यात शुद्ध, कारण आपण तपासणारे आहोत, काम चालवणारे नाही, आपण एकदा का हुकूम द्यायला लागलो की उद्या तेच काम तटस्थपणे तपासता येत नाही. पण वास येत असताना निघून जाणं मला जमलं नसतं.

म्हणून मी मधला रस्ता घेतला, आणि आजही मला तो बरोबर वाटतो. मी फक्त एका गोष्टीत बोललो, आगीच्या. ऑपरेटरला सांगितलं इंजिन बंद कर आणि किल्ली बाजूला ठेव. ड्रम हाताने, हॅन्ड ट्रॉलीवरून बाहेर उघड्यावर काढायला लावले, बाकी माल राहू दे. दोन्ही शटर पूर्ण वर. सिलेंडर पुढे आणले. याला पाऊण तास लागला. ट्रान्सपोर्टवाल्याचा माणूस आधी तणतणला, “साहेब हे रोजचंच आहे, काही होत नाही,” मग मी म्हटलं की रोजचंच आहे हे तुमच्या हाताने लिहून द्या, तेव्हा गप्प झाला आणि ड्रम हलवायला लागला.

उरलेल्या मालाबद्दल मी ना हो म्हटलं ना नाही. जे होतं ते नोंदवलं.

नोंदवलं म्हणजे नक्की काय केलं

यात थोडं थांबतो, कारण नंतर सगळं यावरच टिकलं.

पहिलं काम गेट रजिस्टर. वॉचमनच्या टेबलावर आवक-जावक रजिस्टर होतं, शेवटची नोंद संध्याकाळी ५.५० ची आमच्या ट्रकची. मी त्या ओळीखाली कडेपासून कडेपर्यंत रेघ मारली, रात्री ११.५२ अशी वेळ टाकली, सही केली, वॉचमनची सही घेतली आणि पानाचा फोटो काढला. का, तर सकाळपर्यंत कुणी शहाण्याने मधे दोन ओळी घुसवून ‘ट्रक परवानगीने आत’ असं लिहू नये. रिकाम्या पानावर तिरपी रेघ मारली तीही याचसाठी.

मग फोटो, पण माणसांच्या तोंडाचे नाही. प्रत्येक ठिकाणी आधी लांबून एक, ज्यात शटरचा नंबर किंवा रॅकचा नंबर येतो, मग जवळून एक. नुसत्या ड्रमचा फोटो कुठल्याही गोडाऊनचा असू शकतो. ट्रकचे नंबर, ड्रमवरचे लेबल, झाकलेले सिलेंडर.

आणि ऑपरेटरच्या सीटसमोर वाकलो तेव्हा ते दिसलं. हावर मीटर. फोर्कलिफ्टला किलोमीटरचा नाही, तासांचा मीटर असतो, इंजिन किती तास चाललं ते दाखवतो, शेवटचा आकडा तासाचा दहावा भाग म्हणजे सहा मिनिटं. त्यावर होतं ६३५५.४. आणि शेजारी सर्व्हिसवाल्याने चिकटवलेला स्टिकर, महिन्याच्या ३ तारखेला सर्व्हिस झाली तेव्हा ६२१२, पुढची ६४६२ ला. त्या दिवशी १९ तारीख होती.

मी ते तिथेच उभा राहून मनात वजा केलं आणि परत एकदा केलं.

आकड्यांनी काय सांगितलं

३ ची सर्व्हिस ते १९ ची रात्र, मधे कामाचे दिवस १४. मीटर सांगतो १४३ तास. आता कागदाप्रमाणे काम किती? आवक आणि जावक मिळून दिवसाला साधारण ६०-६५ पॅलेट उचलली जात होती, एक पॅलेट रॅकवरून काढून गाडीत ठेवायला किंवा उलट साधारण चार मिनिटं लागतात, म्हणजे दिवसाला चार-सव्वाचार तास. साडेचार धरले तरी १४ दिवसांचे ६३ तास. उरले ८०. मधल्या १६ रात्रींना वाटले की रात्री पाच तास. मी साडेअकराला जे बघितलं त्याच्याशी हे चोख बसत होतं.

पण एका आकड्यावर रिपोर्ट उभा राहत नाही, त्याला फोडायला लोक बसलेले असतात. इन्चार्जने दुसऱ्या दिवशी दोन उत्तरं दिली आणि दोन्ही चांगली होती, म्हणजे मी त्याच्या जागी असतो तर हीच दिली असती. पहिलं, “सर, तो मीटर किल्ली चालू ठेवली तरी पळतो, ऑपरेटर किल्ली काढत नाही.” काही मशीनमध्ये असं खरंच असतं. म्हणून किल्ली चालू, इंजिन बंद, असं करून आम्ही वीस मिनिटं मशीनसमोर उभे राहिलो. आकडा हलला नाही. मग इंजिन चालू केलं, सहा मिनिटांत .१ पुढे गेला. ते उत्तर तिथे संपलं.

दुसरं उत्तर, “मग ऑपरेटर इंजिन चालूच ठेवत असेल, उभ्या मशीनला.” हेही होतं, आळशी ऑपरेटर बंदच करत नाहीत. पण उभं इंजिन सुद्धा तासाला लिटरभर तरी डिझेल पितं, आणि इथे डिझेलचं रजिस्टर कामाला आलं. आमच्या स्टोअरने ३ तारखेपासून १६५ लिटर डिझेल दिलं होतं. हे मशीन कामात तासाला साधारण अडीच-पावणेतीन लिटर खातं, म्हणजे १६५ लिटर बरोबर ६३ तासांचं डिझेल झालं, त्याच्या वर एक तास नाही. १४३ तास चालायला पावणेचारशे लिटरच्या आसपास लागलं असतं, आणि नुसतं उभं राहायला ८० तासांचं ८० लिटर तरी. ते कुठून आलं? ट्रान्सपोर्टवाला रात्रीचं डिझेल स्वतःच्या कॅनमधून आणत होता. हे मला फार हुशारीचं वाटलं. डिझेल आणि काम यांचा मेळ घालणारा ऑडिटर (म्हणजे मीच, मागच्या वर्षी) खूश होऊन परत जावा अशी सोय होती. स्टॉक जुळतो, डिझेल जुळतं, हजेरी जुळते, कारण ऑपरेटर सहा वाजून दहा मिनिटांनी पंच करून बाहेर जायचा आणि साडेदहाला परत यायचा, त्याचे रात्रीचे पैसे रोख. मीटर तेवढा कुणाच्या ध्यानात आला नाही कारण त्याचं रजिस्टरच नव्हतं.

आणि एक गोष्ट मलाच टोचते. मीटर मला त्या रात्री सापडला असं नाही. सहामाहीच्या फाइलमध्ये फोर्कलिफ्टच्या सर्व्हिसची बिलं होती. सर्व्हिस दर २५० तासांना असते. दिवसाला साडेचार तास म्हणजे महिन्याला ११०-११५, म्हणजे दोन सव्वादोन महिन्यांनी एक सर्व्हिस, सहा महिन्यांत तीन. बिलं सहा होती. मी तेव्हा विचारलं होतं, उत्तर आलं ‘मशीन जुनं झालंय’, आणि मी पेन्सिलने बरोबरची खूण करून पुढे गेलो. बिलावर तासाचं रीडिंग छापलेलं असतं. मी रक्कम बघितली, रीडिंग बघितलंच नाही.

तिसरा निर्णय: कुणाला आणि कधी सांगायचं

रात्री साडेबाराला मॅडमशी बोललो. त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न, “तू ठीक आहेस ना, बाहेर ये आधी.” दुसरा, “सीसीटीव्ही?” कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डीव्हीआर इन्चार्जच्या केबिनमध्ये, केबिनला कुलूप, किल्ली त्याच्याकडे. पर्याय दोन होते. इन्चार्जला आत्ता बोलवून किल्ली घ्यायची, म्हणजे त्याला रात्रीच कळणार. किंवा सकाळी ऑपरेशन्सच्या मॅनेजरला घेऊन एकदम जायचं. आम्ही दुसरा निवडला, कारण वाटलं की बातमी जितकी उशिरा फुटेल तितकं बरं.

आता हे किती बाळबोध होतं बघा. बातमी ११.४१ ला फुटलेली होती, वॉचमनने मला गेट उघडायच्या आधीच कुणाला तरी फोन लावला असणार. सकाळी दहाला आम्ही केबिन उघडलं तेव्हा डीव्हीआरची हार्ड डिस्क ‘खराब’ होती. ती खरंच खराब होती की केली ते शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही. आम्ही केबिनच्या दाराला रात्रीच सही केलेली कागदी पट्टी चिकटवून सील केलं असतं, त्यावर वॉचमनची आणि ड्रायव्हरची सही घेतली असती, तरी खूप झालं असतं. पट्टी फाटली असती तर तेही एक उत्तरच होतं.

खोलात गेल्यावर

मला वाटलं होतं साधी गोष्ट निघेल, इन्चार्ज पैसे खातोय. तशी निघाली नाही.

ट्रान्सपोर्टवाल्याच्या करारात आम्हाला त्याचे ट्रिपचे कागद बघायचा हक्क होता, तो कधी वापरला नव्हता, या वेळी वापरला. त्यावरून दिसलं की हे सात महिने चालू आहे. आणि सात महिन्यांपूर्वीच अकाउंट्समध्ये एक बदल झाला होता, ट्रान्सपोर्टची बिलं पास करायला आणखी एक सही लागायला लागली, आणि त्या सहीपायी त्याची तीन महिन्यांची बिलं अडकली. महिनाअखेरीला जेव्हा सगळा माल बाहेर काढायचं प्रेशर असतं तेव्हा त्याने गाड्या द्यायला नकार दिला. इन्चार्जने वर सांगितलं, वरून उत्तर आलं ‘तुमच्या लेव्हलला मॅनेज करा’. त्याने मॅनेज केलं. ट्रान्सपोर्टवाल्याला सांगितलं, रात्री आमचं गोडाऊन वापर, आमच्या गाड्या थांबवू नकोस. त्याच्या वरच्या साहेबांना हे तोंडी माहीत होतं असं इन्चार्ज म्हणतो, साहेब म्हणतात मला काही माहीत नाही, कागद नाही. वॉचमन ज्याला ‘उद्या येणारा साहेब’ समजला होता तो कोण, हे मी विचारलं. त्याने सांगितलं नाही.

वॉचमन आणि ऑपरेटर यांना पैसे मिळत होते, ते त्यांनी कबूल केलं. इन्चार्जला मिळत होते का? आम्हाला पुरावा मिळाला नाही आणि रिपोर्टमध्ये मी तसंच लिहिलं, ‘वैयक्तिक फायदा आढळला नाही’ असं नाही तर ‘तपासात सिद्ध झाला नाही’ असं. या दोन वाक्यांवरून माझं आणि ऑपरेशन्सचं दोन दिवस वाजलं.

निकाल

रात्रीचं काम त्याच दिवसापासून बंद. इन्चार्जची दुसरीकडे बदली आणि लेखी समज, वॉचमनची एजन्सी बदलली, ऑपरेटर कामावरून गेला. सगळ्यात खालच्या माणसाची नोकरी गेली आणि सगळ्यात वरच्याला पत्रसुद्धा नाही, यावर मी काय बोलू. अडकलेली बिलं आठ दिवसांत निघाली. ट्रान्सपोर्टवाला अजून आमच्याकडेच आहे.

इन्शुरन्सचा भाग लोकांच्या लक्षात उशिरा आला. पॉलिसीत गोडाऊनमध्ये काय ठेवतो ते लिहून दिलेलं असतं, आम्ही लिहिलं होतं प्लास्टिकचा दाणा आणि तयार माल, ज्वालाग्राही द्रव नाही. त्या सात महिन्यांत आग लागली असती तर क्लेमच्या वेळी पहिला प्रश्न हाच आला असता, आणि आमच्याकडे उत्तर नव्हतं. कंपनीने विमा कंपनीला स्वतःहून कळवलं. त्यावर मीटिंगमध्ये बरीच कुजबुज झाली, ‘झालं नाही ना काही, मग कशाला सांगायचं’, पण फायनान्स हेड ठाम राहिले.

आज केलं तर काय वेगळं करेन

मोजणीची दिशा. आम्ही नेहमी यादी हातात घेऊन माल शोधायचो, यादीत ४०० पोती, रॅकवर ४०० आहेत का. त्याने कमी काय आहे ते कळतं. जमिनीवरून सुरू करून, हे जे समोर पडलंय ते यादीत कुठे आहे असं उलटं विचारायचो ते फक्त आमच्या मालाबद्दल, नमुन्यापुरतं. आता मी मोजणीला गेलो की आधी अर्धा तास हातात कागद न घेता चक्कर मारतो. खडूच्या रेघा, दुसऱ्याच रंगाची पट्टी, अनोळखी मापाचं पॅलेट, काहीही जे आपलं नाही, ते कुणाचं?

दोन जणांशिवाय रात्री जाणार नाही. केबिन सील केल्याशिवाय निघणार नाही. आणि बिलावरची रक्कम सोडून बाकीचे आकडेही वाचणार.

एक उपाय मात्र फसला तेही सांगतो. रिपोर्टनंतर ठरलं की रोज संध्याकाळी शटर बंद करताना हावर मीटरचं रीडिंग रजिस्टरमध्ये लिहायचं आणि सकाळी परत बघायचं, दोन्ही सारखं पाहिजे. पहिले सहा आठवडे रोजच्या तासांचे आकडे खडबडीत होते, कधी ३.८, कधी ५.२, खरे आकडे असे असतात. मग हळूहळू ते गुळगुळीत झाले. रोज ४.५. मीटर न बघता कालच्या आकड्यात साडेचार मिळवून लिहिणं चालू झालं होतं, यात लबाडी नसेलही, नुसता कंटाळा असेल, पण जे रजिस्टर मीटरला साक्ष म्हणून ठेवलं तेच परत ‘सर्व ठीक’ झालं. त्यामुळे आता आम्ही त्या रजिस्टरवर अवलंबून राहत नाही, सर्व्हिसला येणारा मेकॅनिक त्याच्या कार्डावर जे रीडिंग लिहितो त्याची कॉपी थेट आमच्याकडे मागवतो, गोडाऊनच्या हातातून न येता.

मागच्या महिन्याचं कार्ड परवा आलं. रजिस्टरपेक्षा मीटर ११ तास पुढे आहे. कंटाळ्याने लिहिलेल्या आकड्यांचा फरक असू शकतो, एखाद दोन उशिरापर्यंत चाललेल्या दिवसांचाही असू शकतो. मी वॉचमनचं रजिस्टर मागवलंय आणि सोबत कोण येणार ते विचारलंय.